उंचीवरून जन्मतारीख ठरवू नका: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये बालरोगतज्ज्ञ आहे. द्राक्षबागांच्या छाटणीपासून खुडा संपेपर्यंत सुरगाणा, पेठकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर राहायला येतात. त्यांच्या मुलांची अंगणवाडीत नोंद करताना जन्माचा दाखला बहुतेकदा गावाकडेच राहिलेला असतो. मग मुलाची उंची मोजतात, ती वाढीच्या तक्त्यावरच्या मधल्या रेषेला कुठे भिडते ते बघतात आणि तेच वय लिहून टाकतात. सेविकेला दोष नाही. रकाना रिकामा सोडता येत नाही आणि समोर दुसरं काही नसतं. पण असं लिहिलेलं वय चुकीचं निघण्याची शक्यता मोठी असते आणि ती चूक नेमकी कुपोषित मुलाच्या मुळावर येते.

दिंडोरी तालुक्यातल्या एका मळ्यावरची मुलगी माझ्याकडे आली होती. उंची 93 सेंटिमीटर, वजन 12 किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 93 सेंटिमीटर ही पावणेतीन वर्षांच्या मुलींची सरासरी उंची. तेच तिचं वय म्हणून लिहिलं होतं. त्या वयाला वजनही ठीक, उंची अगदी मधल्या रेषेवर, म्हणजे कागदोपत्री तक्रारीला जागाच नाही. पुढे आईने गावाहून माता-बाल संरक्षण कार्ड मागवून घेतलं, तेव्हा कळलं की मुलीला चार वर्षं पूर्ण झाली आहेत. चार वर्षांच्या मुलीची सरासरी उंची 102.7 सेंटिमीटर असते. ही जवळजवळ दहा सेंटिमीटरने मागे, म्हणजे खुरटलेली. वजनही वयाच्या मानाने कमी. मुलगी तीच, मापं तीच. वय बदलताच निदान बदललं.

पर्सेंटाइल म्हणजे एकाच वयाच्या शंभर मुलांना सर्वांत बुटक्यापासून सर्वांत उंचापर्यंत रांगेत उभं केलं तर आपलं मूल कितव्या जागी येईल, ते. त्यासाठी वय आधी माहीत असावं लागतं. उंचीवरून वय काढायचं तर मूल रांगेच्या बरोबर मध्ये आहे असं आपणच धरून चालतो. मग पुन्हा त्याच वयाने उंची तपासली की ती मधल्या रेषेवरच येणार. खुरटलेलं मूल या हिशेबात सापडूच शकत नाही.

आता चांगल्या पोसलेल्या मुलींचंच बघा. चार वर्षांच्या मुलींमध्ये तिसऱ्या आणि सत्त्याण्णवाव्या पर्सेंटाइलमध्ये सुमारे सोळा सेंटिमीटरचं अंतर असतं आणि या वयात मूल वर्षाला सात-आठ सेंटिमीटर वाढतं. म्हणजे एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन निरोगी मुलींमध्ये दोन वर्षांच्या वाढीइतका फरक असू शकतो. 93 सेंटिमीटरची मुलगी सव्वादोन वर्षांची उंच मुलगी असेल किंवा पावणेचार वर्षांची बुटकी. तक्ता दोघींनाही निरोगी म्हणेल. वजन तर आणखी बेभरवशाचं, चार दिवसांच्या जुलाबानेही ते खाली येतं. वयात येताना गोंधळ वाढतो, कारण कुणाची वाढ नवव्या वर्षी जोर धरते, तर कुणाची तेराव्या. मुलाच्या वयाचा वाद उद्भवला तर बाल न्याय कायद्याचं कलम 94 आधी शाळेचा दाखला, मग जन्मदाखला आणि ते नसतील तरच हाडांची किंवा तत्सम वैद्यकीय तपासणी सांगतं. उंची-वजनाचा उल्लेख त्यात नाही.

म्हणून माझी विनंती अशी. दाखला नसेल तर आधी लसीकरणाचं कार्ड आणि प्रसूतीची नोंद मूळ गावच्या आरोग्य उपकेंद्रातून मागवावी. फोनवर हे काम होतं. तेही नसेल तर आईशी बसून बोलावं: बाळ होळीच्या आधीचं की नंतरचं, वणीच्या चैत्री यात्रेला ते कडेवर होतं का, चालत होतं का, पाठचं भावंड कितव्या महिन्यात झालं. पेठ-सुरगाण्याचे सण, शेतीची कामं आणि यात्रा मांडलेली दिनदर्शिका सेविकेच्या हाताशी असली, तर बऱ्याचदा महिना सापडतो. ती जिल्ह्याने छापून द्यावी.

एवढं करूनही वय नक्की होत नसेल, तर नोंदवहीत आणि पोषण ट्रॅकरवर ते अंदाजे आहे आणि कशावरून धरलं, हे तारखेशेजारी लिहिण्याची सोय हवी. खरा दाखला मिळताच तारीख दुरुस्त करता यावी. अशा मुलाचं पोषण तोवर दंडघेर आणि उंचीच्या मानाने वजन यांवर तपासावं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी या दोन्हींना नेमकं वय लागत नाही. पण त्यांतून रोडावलेलं मूल कळतं, खुरटलेलं कळत नाही. माझ्याकडे आलेली मुलगी या दोन्ही तपासण्यांत सुटली असती. त्यामुळे दंडघेर ठीक आला म्हणून जन्मतारखेचा शोध थांबवू नये, हे आदेशात स्पष्ट असावं.

छाटणीचा पुढचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होईल. त्याआधी हा आदेश निघावा.

आपला,
नाशिकमधील एक बालरोगतज्ज्ञ