पावसाची राखीव तारीख दुसऱ्याच दिवशीची नको

मा. संपादक,
स. न.

कोजागिरी जवळ आली की गावोगावच्या वाचनालयांच्या आणि मंडळांच्या पत्रिका छापायला जातात. त्यांच्यावर तळाला एक ओळ असते : 'पाऊस आल्यास कार्यक्रम दुसऱ्या दिवशी याच वेळी होईल.' आमच्या वाचनालयाच्या पत्रिकेवरही ती होती, आणि तिनेच आमचा घात केला.

शाळेच्या मैदानावर कविसंमेलन ठेवलं होतं. बैठक ३०० माणसांची, मसाला दूध ६० लिटर. आदल्या रात्री तासभर जोराचा पाऊस झाला आणि सकाळी लख्ख ऊन पडलं. 'दुपारपर्यंत वाळेल, बघू' असं म्हणत आम्ही ४ वाजवले. तोवर मंडपवाल्याचा टेम्पो मैदानात रुतला होता, परभणीचे कवी रस्त्याला लागले होते आणि दूध कढईत पडलं होतं. त्या दिवशी पावसाचा एक थेंब आला नाही, तरी बसायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गडगडाट. दूध गल्लीत वाटलं. लहान मुलं तेवढी खूश झाली.

परतीचा पाऊस एका दिवसाचा पाहुणा नसतो. हवा एकदा बिघडली की दोन-चार दिवस दुपारनंतर ढग जमतात. शिवाय आपली काळी माती. ती पाणी धरून ठेवते, वरून सुकल्यासारखी दिसते आणि पाय ठेवला की चपलेला गोळा चिकटतो. दुसऱ्या दिवशीची राखीव तारीख म्हणजे त्याच ढगाखाली आणि त्याच चिखलात. त्यात उघडीप मिळाली की सगळा गाव सोयाबीनच्या मागे लागतो. दिवसभर मळणी करून आलेला माणूस रात्री कविता ऐकायला येत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही राखीव तारीख आठ दिवसांनंतरची घेतली. त्याहून फार पुढे जाता येत नाही, कारण कोजागिरीनंतर बाराव्या दिवसाच्या सुमारास वसुबारस येते आणि दिवाळीच्या धामधुमीत मैदानही मिळत नाही, माणसंही. चंद्राचं नुकसान होतं हे खरं. आठ दिवसांनी तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. पत्रिकेत आम्ही सरळ लिहिलं की त्या दिवशी दूध मिळेल, चांदणं मिळणार नाही. मंडपवाल्याला ठरवतानाच दोन्ही तारखा दिल्या.

राहिला प्रश्न निर्णय कधी घ्यायचा. पाऊस कधी येईल हे बघत बसण्यापेक्षा पैसा आणि माणसं कधी हलतात ते आम्ही उलटं मोजलं. कवी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी निघतात. दूधवाल्याला सकाळच्या धारेआधी आकडा लागतो. मंडपवाला सकाळी टेम्पो भरतो, पण आदल्या संध्याकाळी कळवलं तर उचल पुढच्या तारखेला धरतो. म्हणून शेवटची वेळ आदल्या दिवशी संध्याकाळी ६. त्याआधी ठरवलं तर अंदाज कच्चा असतो, त्यानंतर ठरवलं तर खर्च अंगावर येतो. ही वेळही पत्रिकेवर छापली, त्यामुळे दिवसभर येणारे 'होणार का हो?'चे फोन थांबले.

कशावर ठरवायचं तेही आधीच लिहून ठेवलं. हवामान खात्याचा जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर चर्चा न करता पुढे ढकलायचं. पिवळा म्हणजे फक्त लक्ष ठेवा. तो अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, त्यामुळे आपल्या गावात पाऊस पडेलच असं नाही. तेव्हा ५ वाजता दोघांनी मैदानभर चालून यायचं. चपला जड झाल्या तर कार्यक्रम पुढे. मैदान कोरडं असेल तर कार्यक्रम होणार, आणि मग दुसऱ्या दिवशी आभाळ भरलं म्हणून शब्द फिरवायचा नाही. निर्णय एकट्या सचिवांचा. आदल्या वर्षी समितीतले सातही जण सात दिशांचे ढग दाखवत होते.

शब्द मोडायला एकच कारण ठेवलं, वीज. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातला विजेचा इशारा देतं. तो आला की माईक बंद करून सगळ्यांना शाळेच्या पक्क्या वर्गांत न्यायचं. लोखंडी पाइपच्या मंडपात किंवा लिंबाखाली कुणी थांबायचं नाही.

त्या वर्षी पिवळा इशारा होता आणि मैदान कोरडं होतं. सचिवांनी ६ ला 'होणार' असं कळवलं. ८ वाजता चार थेंब आले, लोकांनी सतरंज्या डोक्यावर घेतल्या आणि कवी वाचत राहिले.

आपला,
वाचनालय समितीचा एक सदस्य
ता. औसा, जि. लातूर