‘भरपूर पाणी प्या’ने माझे यजमान वाचले नसते

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या आरोग्य पानावरची ती पिवळी चौकट आपण स्वतः वाचली होती का, एवढंच आधी विचारते. ‘उन्हाळ्यात डिहायड्रेशन व उष्माघात : एकच उपाय’ असा मथळा, खाली पाण्याच्या ग्लासचं चित्र. काल दिवसभर राग गिळून बसले. आज लिहितेय, कारण चौकटीतल्या तिसऱ्या वाक्यावर माझा स्वतःचा एवढा भरवसा होता की त्यापायी वीस मिनिटं वाया गेली. ते वाक्य असं : ‘घाम येत असेल तर उष्माघाताची भीती नाही.’

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या ह्यांनी गच्चीवर बाग करायचं मनावर घेतलं आणि मातीच्या गोण्या स्वतःच जिन्यावरून चढवायला लागले. वय चोपन्न, प्रकृती ठणठणीत. सकाळपासून दोन लिटर पाणी पिऊन झालं होतं. मीच तांब्या भरून देत होते, म्हणून आकडा पक्का आहे. लघवीही स्वच्छ होत होती. म्हणजे आपल्या चौकटीप्रमाणे माणूस शंभर टक्के सुरक्षित!

सव्वाबाराला खाली आले ते तिरसटून. आवाज न चढवणारा माणूस, पण दाराची कडी लागत नाही म्हणून दाराला शिव्या घालत होते. चालताना तोल जात होता. अंगातला सदरा पिळून काढावा इतका घाम. मी म्हटलं, ‘अहो, बसा आधी.’ बसले आणि मला विचारलं, ‘आई जेवली का?’ सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली.

संपादक महाशय, उष्माघात ओळखायचा तो इथे. घामावर नाही, तहानेवर नाही, सुकलेल्या जिभेवरही नाही. डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढंच बघायचं. शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे गेलं की मेंदूचं काम बिघडतं. माणूस असंबद्ध बोलतो, जीभ जड होते, विनाकारण चिडतो, झोकांड्या खातो, मग झटके येतात किंवा शुद्ध हरपते. आपण छापलेली कोरडी, तापलेली कातडी खोटी नाही. ती बहुधा दिसते ती वयस्कर किंवा आजारी माणसांत, जी बंद, तापलेल्या खोलीत दिवस दिवस पडून असतात. पण अंगमेहनत करणारा, पळणारा किंवा ओझी उचलणारा माणूस घामानं निथळत असतानाही उष्माघातानं कोसळू शकतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्याला अजूनही नाही, असं दिसतं.

‘घाम येतोय, म्हणजे नुसतं पाणी कमी पडलंय’ असं मी स्वतःला बजावलं आणि साखर-मिठाचं पाणी ढवळायला घेतलं. पहिल्या दोन घोटांतच त्यांना जोराचा ठसका लागला, कारण गिळण्याचं भान राहिलं नव्हतं. तेच पाणी श्वासनलिकेत उतरतं, फुप्फुसात जातं आणि दुसरंच संकट उभं राहतं. मग काखेत थर्मामीटर लावला. १००.८! हुश्श केलं. ओल्या, घामेजल्या काखेतला आकडा आतल्या तापमानाबद्दल काहीही सांगत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी ऐकवलं. खरा आकडा गुदद्वारातून घेतात, आणि तो घरी घेत बसायचीही गरज नाही. ऊन किंवा उकाडा, आणि त्यात भ्रमिष्टपणा, एवढं जुळलं की उष्माघात समजूनच कामाला लागायचं. मी मात्र पडदे ओढले, पंखा लावला, तापाची गोळी शोधली आणि ‘जरा पडा’ म्हणून त्यांना आडवं केलं. वीस मिनिटं गेली ती अशी.

गोळीबद्दलही सांगून टाकते, कारण घरोघरी हात आधी तिच्याकडे जातो. तापात मेंदूच शरीराला हुकूम देतो की तापमान वाढव. पॅरासिटामॉल तो हुकूम मागे घ्यायला लावते. उष्माघातात असा हुकूम कुणी दिलेलाच नसतो. आत साचलेली उष्णता बाहेर पडत नाही, एवढाच घोटाळा असतो. त्यामुळे गोळीनं अंश उतरत नाही, उलट आधीच तापून निघालेल्या यकृतावर तिचा बोजा पडतो. अ‍ॅस्पिरिन तर त्याहून वाईट, कारण रक्त गोठण्याची व्यवस्था त्या वेळी तशीही बिघडू शकते.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. मी फोनवर लेकीशी बोलताना माझा आवाज फाटलेला ऐकून त्या वर आल्या. थर्मामीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. ह्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि विचारलं, ‘हे कुणाचं घर आहे?’ हे म्हणाले, ‘शाळेचं.’ बाई उठल्या. ‘ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि सगळ्या बादल्या भरा. तोंडात थेंबही घालू नका.’

चादरीवर घालून ह्यांना आम्ही न्हाणीत ओढलं. अंगावरचे कपडे काढले, नळाला पाइप लावला आणि डोक्यापासून पायापर्यंत पाण्याची धार धरली, ती थांबवलीच नाही. टेबलफॅन आणायला मी निघाले, तर बाई ओरडल्या की पाण्यात विजेची वस्तू आणून दोघांना मारणार का. मग वारा घालायला हाताला लागला तो आपलाच रविवारचा अंक. (उपयोगी पडला, हे प्रामाणिकपणे नमूद करते.) ओल्या अंगावर वारा हवा, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. कोरड्या अंगावर तापलेल्या खोलीतला पंखा गरम हवाच मारतो, म्हणजे मी आधी लावला होता तो. फ्रिजरमधल्या बर्फाच्या पुरचुंड्या फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवल्या, पण बाईंचा सगळा भर धारेवर होता. टब असता तर त्यांनी गार पाण्यात मानेपर्यंत बसवलं असतं आणि डोकं धरून ठेवलं असतं. सगळ्यात लवकर तापमान उतरतं ते तसं. मध्येच उलटी झाली तेव्हा त्यांनी झटकन कुशीवर वळवलं.

मी सारखी म्हणत होते, ‘आधी दवाखान्यात नेऊ या.’ त्या म्हणाल्या, ‘गाडी येईपर्यंतचा वेळ आपला आहे.’ नंतर डॉक्टरही तेच म्हणाले. आधी थंड करायचं, मग न्यायचं. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आलं तर माणूस बहुतेक वेळा सावरतो. मेंदू, यकृत, मूत्रपिंडं किती वेळ भाजत राहिली यावर पुढचं सगळं ठरतं. आमच्याकडे गाडी यायला सतरा मिनिटं लागली. त्यातल्या दहाव्या-बाराव्या मिनिटाला ह्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, ‘मला भिजवलं कुणी?’ तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

सतरा मिनिटं असं भिजवूनही रुग्णालयात आतलं तापमान १०४.२ भरलं. ‘आता ठीक आहेत, घरी नेतो’ म्हणणारे नातेवाईक आमच्याकडेही होतेच. दुसऱ्या दिवशी लघवी काढ्यासारखी तपकिरी झाली. स्नायू तुटून त्यातला रंग मूत्रपिंडात उतरत होता. तिसऱ्या दिवशी यकृताचे आकडे चढले. आठवडाभर सलाइन चाललं तेव्हा घरी आले. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यायचं ते यासाठी.

आता डिहायड्रेशन. ते निराळं दुखणं आहे, आणि बहुधा आगाऊ नोटीस देऊन येतं. तहान लागते, तोंड सुकतं, लघवी कमी आणि गडद पिवळी होते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पण माणूस आपलं नाव, वार, घर बरोबर सांगतो. अशा वेळी सावलीत बसवून घोट घोट पाजायचं. ओआरएसचं पाकीट वापरत असाल तर त्यावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ते सबंध ओतायचं. एक लिटरचं पाकीट अंदाजानं पेल्यात टाकलं की मीठ जास्त होतं. थकवा, मळमळ, डोकेदुखी असूनही भान शाबूत असेल तर गारव्याला नेऊन, अंग ओलं करून लक्ष ठेवायचं. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर वाट बघायची नाही. पाजलेलं सगळं उलटून पडत असेल, सात-आठ तास लघवीच झाली नसेल, आडवं पडूनही चक्कर थांबत नसेल किंवा गुंगी येत असेल तर थेट रुग्णालय. तान्हं मूल रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, टाळू खोल गेलेली दिसते, मूल मलूल पडतं, तेव्हाही तेच. आणि वयस्करांना तहान लागेल म्हणून थांबू नये, त्यांची तहान बोथट झालेली असते.

एकातून दुसरं होऊ शकतं, हे खरं. शरीरात पाणी कमी असलं की घाम कमी येतो आणि उष्णता साचते. पण पोटभर पाणी प्यालेल्या माणसालाही उष्माघात होतो, याचा पुरावा आमच्या घरात सध्या कुंड्यांना पाणी घालतोय. (संध्याकाळी, माझ्या देखरेखीखाली.) तेव्हा ‘एकच उपाय’ हे शब्द मागे घ्यावेत आणि घामाचं ते वाक्य दुरुस्त करून छापावं. त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आपल्या दुरुस्त्या आतल्या पानावर निधन वार्तांच्या खाली मुंगीएवढ्या टायपात येतात, हे आम्हा वाचकांना पाठ आहे.

जाता जाता आणखी एक. त्याच चौकटीला चिकटून एका फळांच्या स्वादाच्या खोक्यातल्या पेयाची जाहिरात होती, ‘हायड्रेशन’ असं ठळक लिहिलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे ओआरएसच्या एका लिटरात ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. अशा गोड पेयांत कित्येकदा लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर आणि मीठ नावापुरतं. जुलाब झालेल्या मुलाला ते पाजलं तर साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. आपल्या लेखात ‘ओआरएस घ्या’ आणि शेजारी हे चित्र. वाचणारा दुकानात जाऊन काय उचलेल? ती जागा जाहिरात विभागानं ठरवली, असं उत्तर येणार हे मला माहीत आहे. निदान पुढच्या वेळी मध्ये एखादा रकाना तरी सोडायला सांगा.

आपली,
बावीस वर्षांची वर्गणीदार