वजा गुणिले वजा म्हणजे अधिक, पण का?

प्रिय चिनू,

काल फोनवर तू म्हणालीस की वजा वजा अधिक हे सरांनी पाठ करायला सांगितलं आणि कारण विचारलं तर नियमच आहे म्हणाले. फोनवर आकडे दाखवता येत नाहीत म्हणून लिहितोय, वही घेऊन बस.

आधी हे एकाखाली एक लिही.

३ × (−४) = −१२
२ × (−४) = −८
१ × (−४) = −४
० × (−४) = ०

डावीकडचा आकडा दरवेळी एकाने कमी होतोय आणि उत्तर दरवेळी ४ ने वाढतंय, बघ. आता शून्याच्या खाली गेलीस की (−१) × (−४) येतं, तिथे −४ लिहिलंस तर इतका वेळ वर चढणारं उत्तर अचानक खाली येतं, चाल मोडते. ४ लिहिलं तरच टिकते, मग पुढे ८, १२.

आता तू म्हणशील पॅटर्न पुढेही चालेलच कशावरून. बरोबर आहे, नुसता पॅटर्न म्हणजे पुरावा नाही. म्हणून हे बघ, १ आणि −१ ची बेरीज शून्य, आणि शून्याला −४ ने गुणलं तरी शून्यच. म्हणजे (१ + (−१)) × (−४) = ०. मग कंस सोडवला तर १ × (−४) आणि (−१) × (−४) मिळून शून्य यायला हवं. पहिलं −४ आहे, तर दुसरं ४ च असणार, दुसरा पर्यायच नाही.

आता पैशात बघू. समज आपल्या पंचवटीतल्या किराणावाल्याकडे आपली ५० रुपयांची एक अशा चार उधाऱ्या वहीत लिहिल्यात आणि माझ्या खिशात ५०० आहेत. म्हणजे खरे माझे किती? ३००. आता आजोबांनी परस्पर दोन उधाऱ्या फेडल्या, दुकानदाराने त्या खोडल्या. खोडल्या दोन, म्हणून −२. प्रत्येक उधारी −५०. (−२) × (−५०) = १००, आणि खरंच आता माझे ४०० झाले. गंमत म्हणजे खिशात एक रुपया वाढला नाही, ५०० तेच, फक्त देणं कमी झालं!

इथेच पोरं फसतात, कर्जाला कर्जाने गुणायचं असं समजतात. त्याला काही अर्थच नाही गं, रुपये गुणिले रुपये कुठे असतं? एक आकडा पैशाचा, दुसरा किती वेळा मिळालं किंवा गेलं त्याचा. ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच ऋण गुणिले ऋण धन असा नियम लिहून ठेवलाय.

आणि हो, हा नियम बेरजेला लावू नकोस. −३ आणि −४ ची बेरीज −७ च, दोन उधाऱ्या एकत्र केल्या की मोठी उधारी होते, मिटत नाही. पेपरात दोन वजा दिसले की आधी मधलं चिन्ह बघ.

आता (−३) × (−२०) ची उधारीची गोष्ट तू स्वतः रचून मला रविवारी फोनवर सांग. आई म्हणतेय चिवड्याचा डबा पाठवतेय, रूममेटला पण दे.

तुझा,
पप्पा