लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी करायचं ते

वाई, वसुबारस, २८ ऑक्टोबर २०२४

प्रिय सईस, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी फार बोलले. तू ठेवून दिलास तेव्हा आजी शेजारीच बसली होती. तिने फक्त विचारलं, "तिचा प्रश्न काय होता?" तुझा प्रश्न लक्ष्मीपूजनाचा होता आणि मी उत्तर देत राहिले तुझ्या हिमोग्लोबिनचं. म्हणून हे पत्र. बाबा फोटो काढून पाठवतील. आधी प्रश्नाचं उत्तर लिहिते, तब्येतीचं आज काढायचं नाही असं ठरवलंय.

काकूने कळवलंय की पूजन शुक्रवारी, १ नोव्हेंबरला. तुझ्या घरातल्या लखनौच्या मुली म्हणतायत गुरुवारी, ३१ ला. आणि तुझ्या फोनमधलं पंचांग गाव तुझं इंग्लंडातलं लीड्स टाकलं की ३१ दाखवतं, आपलं वाई टाकलं की १. तुला वाटलं काहीतरी बिघडलंय. आजीला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "बिघडलं काही नाही. तिला म्हणावं चिंचोके मांड."

आठवतात ना ते चिंचोके? तू सहावीत होतीस, मे महिना होता, आणि शेंडेफळाला घेऊन आत्या आलेली, म्हणून तुम्हा दोघींना माजघरात झोपायला लावलं होतं. दुपारी तू कंटाळून खिळ्यावरचं पंचांग काढलंस आणि आजीला विचारलंस की यात एक तिथी गायब कशी. एकादशीनंतर थेट त्रयोदशी. छापणाऱ्याची चूक असेल म्हणून तू पेन्सिलने बारस लिहिणार होतीस. आजीने पेन्सिल काढून घेतली आणि फरशीवर चिंचोके मांडले, हातभर अंतरावर एक. प्रत्येक चिंचोका म्हणजे एक सूर्योदय. मग शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला आणि त्याचे तुकडे केले, काही हातभर लांब, काही जरा आखूड, काही जरा जास्त. प्रत्येक तुकडा एक तिथी. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते, पण चंद्राची चाल रोज सारखी नसते, म्हणून तिथी कधी एकोणीस तासांत आटपते तर कधी सव्वीस तास रेंगाळते. तुकडे एकापुढे एक ठेवत गेली. ज्या चिंचोक्यावर जो तुकडा पडला, ती त्या दिवसाची तिथी. एक आखूड तुकडा दोन चिंचोक्यांच्या मधेच सुरू झाला आणि मधेच संपला. "ही तुझी बारस," आजी म्हणाली, "आहे, पण तिला सूर्य दिसला नाही." तो क्षय. आणि एक लांब तुकडा दोन चिंचोके झाकून गेला तेव्हा तूच ओरडलीस, "म्हणजे ही दोनदा!" ती वृद्धी. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला लग्न होऊन तेरा-चौदा वर्षं झाली होती आणि मला हे कोणी असं दाखवलं नव्हतं. तुला ते चहा निवायच्या आत कळलं. त्या दिवशी मी कोणाला काही बोलले नाही, पण रात्री बाबांना दोनदा सांगितलं.

पुढचे आठ दिवस तू आजीला सोडलं नाहीस. ओळ कशी वाचायची ते ती बोट ठेवून शिकवायची. महिना, मग शुद्ध की वद्य, मग तिथी, आणि तिच्यापुढे ती संपते केव्हा ती वेळ. सुरू केव्हा होते ते त्या ओळीत नसतंच, ते आदल्या ओळीच्या शेवटी शोधायचं. तू पहिले दोन दिवस संपायच्या वेळेलाच सुरुवात समजत होतीस आणि सगळे सण एक दिवस पुढे ढकलत होतीस. घटी-पळांचा रकाना तुला जास्त आवडला, कारण तो शाळेत कोणाला येत नव्हता. साठ घटींचा दिवस, एक घटी चोवीस मिनिटांची, आणि मोजायची सूर्योदयापासून. तू मध्यरात्रीपासून मोजलंस, तेव्हा सकाळी संपणारी तिथी तुझ्या वहीत पहाटेच संपली. आजी रागावली नाही. तुला पहाटे उठवून अंगणात नेलं, डोंगरामागून सूर्य वर येईपर्यंत थांबवलं आणि म्हणाली, "आता शून्य."

तेव्हा तुझा चेहरा भरलेला होता. परवा व्हिडिओवर गालाची हाडं दिसत होती. असो.

शेवटी शिकवलं ते महत्त्वाचं, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. सूर्योदयाची तिथी ती दिवसाची तिथी हे खरं, पण प्रत्येक सण सूर्योदयावर ठरत नाही. आजी विचारायला लावायची, "या सणाला दिवसाचा कोणता तुकडा हवा?" गणपतीला मध्यान्ह हवी. यंदा तू घरीच होतीस, चतुर्थी ६ सप्टेंबरला दुपारी तीनला लागली आणि ७ ला संध्याकाळी साडेपाचनंतर संपली, म्हणून भर दुपारची चतुर्थी ७ ला मिळाली आणि गणपती ७ ला बसले. रामनवमीलाही मध्यान्ह. संकष्टीला चंद्रोदय. लक्ष्मीपूजनाला प्रदोष, म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ.

आता दोरा मांड. अमावास्या आपल्या घड्याळाने ३१ ला दुपारी चारच्या जरा आधी लागते आणि १ ला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपते. वाईला सूर्य सहाच्या जरा पुढे मावळतो. म्हणजे ३१ चा सगळा प्रदोष अमावास्येत आणि १ तारखेलाही सूर्यास्तानंतर दहा-पंधरा मिनिटं अमावास्या उरते. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या शिवली तर दुसरा दिवस घ्यायचा, या नियमाने आपल्याकडच्या पंचांगांनी १ तारीख दिली आहे. उत्तरेत अनेकांनी अमावास्येची पूर्ण रात्र मिळते म्हणून ३१ धरली. तेव्हा त्या मुलींशी वाद घालू नकोस.

पण तू लीड्सला आहेस. तिथी लागण्याचा आणि संपण्याचा क्षण साऱ्या जगात एकच असतो, चंद्र-सूर्य काही गावागावाला वेगळे नाहीत. वेगळे असतात ते चिंचोके. काल तुमची घड्याळं बदलली, तेव्हा आता साडेपाच तास वजा कर. तुझी अमावास्या ३१ ला सकाळी साडेदहाच्या आत लागते आणि १ ला दुपारी पाऊणच्या सुमारास संपते. तुझ्याकडे सूर्य मावळतो साडेचारच्या आसपास. म्हणजे १ तारखेच्या प्रदोषात तुला अमावास्या मिळतच नाही, ती दुपारीच संपलेली. तुझं लक्ष्मीपूजन गुरुवारी, ३१ ला. पहाटे चतुर्दशी असल्यामुळे अभ्यंगस्नानही त्याच दिवशी. मग शुक्रवार मोकळा, पाडवा शनिवारी आणि भाऊबीज रविवारी, हे दोन्ही आमच्याबरोबरच. तुझा फोन बरोबर सांगत होता, आणि काकूही बरोबर आहे. आजीने हे सगळं तोंडी केलं. डोळ्यांपुढे आता मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, पण आकडे मी वाचले की पुढचं ती करते. शेवटी म्हणाली, "सईने विचारायच्या आधी वजाबाकी केली असणार, फक्त खात्री हवी होती." तसंच होतं ना?

आता संकष्टीचं. हा तब्येतीचा विषय नाही, पंचांगाचा आहे, म्हणून लिहिते.

२० तारखेला तू दिवसभर काही खाल्लं नाहीस आणि रात्री जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. का, तर ढगांमुळे चंद्र दिसला नाही, म्हणून थांबलीस. सई, चंद्रोदयाची वेळ पंचांगात छापतात ती याचसाठी. पावसाळ्यात वाईला तरी चंद्र कुठे दिसतो? आजी वेळ झाली की पूर्वेला तोंड करून अर्घ्य देते आणि जेवते. त्या दिवशी लीड्सला तर चंद्र आपल्याहून लवकर, संध्याकाळीच उगवला होता. तू तेव्हाच जेवायला हवं होतंस. आणि हिवाळ्यात हे सोपं आहे, पण जूनमध्ये तिथे संकष्टीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. तोपर्यंत उपाशी राहणार आहेस का? हिमोग्लोबिन नऊच्या खाली असताना?

बघ, आले तिथेच.

आजी पडल्यापासून तिची संकष्टी तू धरलीस, मला न विचारता, हे मला कळलं तेव्हा अभिमानच वाटला. तिच्यासाठी एवढं करणारी तू एकटीच. पण मला रात्री झोप लागत नाही. जिन्यात कोणी नसतं तर? आजीला मी हे सांगायचं टाळत होते, शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की आजाऱ्याला उपास नाही, दूध-फळं घेऊन केला तरी तो उपासच, आणि तिच्या नावावर केलेल्या उपासाने नात पडली तर ती अथर्वशीर्ष म्हणायचं सोडेल. हे तिचेच शब्द. मी भर घातलेली नाही.

उपदेश झाला, माफ कर. तुझ्या वयाची असताना मलाही आईचं पत्र आलं की शेवटचं पान आधी वाचून बाजूला ठेवावंसं वाटायचं. पण लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. दोन तास मधे ठेव.

१८ नोव्हेंबरच्या संकष्टीचा तुझ्याकडचा चंद्रोदय काढून आजीला रविवारी फोनवर सांग. ती विचारणार आहे. चतुर्थी आपल्याकडे १८ ला संध्याकाळी सातच्या जरा आधी लागते, तुझ्याकडची वेळ तूच काढ. आणि गुरुवारी फराळाचा डबा पोचला नसेल तर थांबू नकोस, नैवेद्याला साखर चालते. रक्ताची पुढची तपासणी कोणत्या तारखेला आहे ते मात्र मला कळव, आजीला नाही.

तुझी,
आई

ता. क. दादा म्हणतो भाऊबीजेला त्याला दुपारी फोन कर, रात्री त्याची पाळी आहे.