ऊसबिल थकल्याची बातमी आणि कारखान्याची बाजू

सांगली जिल्ह्यातील वार्ताहर सदस्यांसाठी सूचना

ऊस घातल्यावर १४ दिवसांत एफआरपी दिली नाही, तर कारखान्याला १५ टक्के व्याज लागतं. म्हणून 'बिल थकवलं' हा गंभीर आरोप आहे. रात्री नऊला एक फोन करून 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहू नका. कोणत्या पंधरवड्याचं बिल, किती रक्कम, हे प्रश्न लेखी पाठवा आणि उत्तरासाठी कामाचा एक पूर्ण दिवस द्या. बातमी मात्र आधी वाचायला देऊ नका.

'शेतकऱ्यांशी लेखी करार आहे' असं उत्तर आलं, तर करार मागा. तो खरा असेल, तर १४ दिवसांची अटच बदलते, मग बातमीही बदलायला हवी. कागद दाखवला नाही, तर तेही लिहा. उत्तर आरोपालगतच छापा. शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचतं?