रक्त घेणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहीत आहे. मिरजेच्या त्या लॅबमध्ये सकाळी साडेसातला रक्त घ्यायला बसणाऱ्या ताई, एवढी ओळख पुरे. जूनपासून हे पत्र मनात होतं. उघडपणे लिहितेय, कारण तुम्ही मला रिपोर्टच्या पाकिटामागे जो हिशोब करून दाखवलात तो मला सोळा दिवस आधी कुणी सांगितला असता तर माझी एक फार वाईट सकाळ टळली असती. ती सकाळ आज दुसऱ्या कुणाच्या तरी घरात उजाडली असेल.

माझे नऊ आठवडे झाले होते. सोनोग्राफीत ठोके नव्हते, वाढ थांबली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रात्रभर कळा आल्या, सगळं पडलं. त्या गोळ्यांच्या आधी बीटा एचसीजी या गरोदरपणाच्या तपासणीसाठी पहिलं रक्त तुम्हीच घेतलं होतं. ६४,००० आला होता. तेव्हा त्या आकड्याचा मला काहीच अर्थ लागला नव्हता.

सोळाव्या दिवशी पहाटे पाचला मी कपाटात उरलेलं, घरी दिवस तपासायचं एक किट काढलं. का काढलं ते आता नीट सांगता येत नाही. सगळं संपलंय हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच आठवतं. तीन थेंब टाकले आणि दोन रेघा आल्या. पुसट नव्हत्या, चांगल्या ठळक. मी ती पट्टी खिडकीपाशी धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. सोनोग्राफी चुकली असेल का, जुळं असेल आणि एक अजून आत असेल का, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. सासूबाई उठल्या, पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "आत काहीतरी राहिलंय गं. आजच्या आज पिशवी साफ करून घेऊ." त्या काळजीनेच बोलल्या. पण मला एकाच मिनिटात आशाही वाटली आणि भीतीही, आणि दोन्ही खोट्या होत्या हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा बीटा सांगितला आणि मी तुमच्यासमोर येऊन बसले. दंडाला पट्टा बांधताना तुम्ही विचारलंत, "अगं, एवढी थरथरतेस का?" मी पट्टीचं सांगितलं. गर्दी होती, तरी तुम्ही रक्त घेऊन झाल्यावर मला उठवलं नाहीत.

"ती पट्टी बाळ बघत नाही," तुम्ही म्हणालात. "ती फक्त एक हार्मोन बघते."

तेवढं एकच वाक्य, पण माझा श्वास खाली बसला. मग तुम्ही सांगितलंत की एचसीजी बाळ तयार करत नाही, वारेच्या पेशी तयार करतात. वाढ थांबली तरी वारेच्या पेशी काही दिवस जिवंत राहून ते सोडत राहू शकतात. वार पडून गेल्यावर कारखाना बंद होतो, पण आधी तयार झालेला माल रक्तात फिरतच असतो. तो मूत्रपिंडातून आणि यकृतातून हळूहळू जातो. या हार्मोनच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यामुळे शरीर ते पटकन मोडून टाकू शकत नाही. याच कुटुंबातलं, बीज सुटायच्या वेळी वाढणारं हार्मोन तासाभरात निम्मं होतं. याला निम्मं व्हायला एक ते दीड दिवस लागतो, आणि शेवटी शेवटी त्याहून जास्त.

मग तुम्ही पाकीट उलटं करून पेन घेतलंत. ते पाकीट माझ्याजवळ आहे, त्यावरून उतरवून घेते: ६४,०००. निम्मे ३२,०००. मग १६,०००, ८,०००, ४,०००, २,०००, १,०००, ५००, २५०, १२५, ६२, ३१, १५. प्रत्येक बाणाखाली तुम्ही टिंब दिलंय. बारा टिंबं. "घरच्या पट्टीला साधारण २५ पर्यंतचं दिसतं," तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुझा आकडा बारा वेळा निम्मा झाल्याशिवाय दुसरी रेघ जायची नाही. दीड दिवसाला एकदा धरलं तर अठरा दिवस. दोन दिवसांना एकदा धरलं तर चोवीस. आणि शेवटचे टप्पे सावकाश होतात, कारण पिशवीच्या आतल्या थराला चिकटलेल्या चार पेशी असतात, त्या थोडं थोडं सोडत राहतात. तू सोळाव्या दिवशी बघितलंस. त्या दिवशी पट्टी निगेटिव्ह आली असती तरच मला नवल वाटलं असतं."

मी विचारलं, मग माझ्या बहिणीचं दहा दिवसांत कसं निगेटिव्ह आलं? तिचं पाचव्याच आठवड्यात गेलं होतं. तुम्ही पाकिटाच्या कोपऱ्यात ८०० लिहिलंत आणि सहा टिंबांत १२ वर आणून दाखवलंत. नऊ-दहा आठवड्यांच्या आसपास हे हार्मोन सर्वांत जास्त असतं, म्हणून त्या वेळी गर्भ गेला तर उतरायला सर्वांत जास्त पायऱ्या असतात. आमच्या दोघींत फरक एवढाच होता. माझ्या शरीरात काही बिघडलेलं नव्हतं.

रेघ इतकी ठळक का, हेही मी विचारलं होतं. फोनमध्ये गरोदर असतानाच्या पट्टीचा फोटो होता, दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तुम्ही म्हणालात की रेघेवर रंग धरायला जागा मर्यादित असते. ती एकदा भरली की वर २०० असो की २०,०००, डोळ्याला सारखंच दिसतं. शिवाय पहाटेची लघवी घट्ट असते. त्यामुळे रेघेच्या रंगावरून आकडा खाली आला की नाही हे ठरवता येत नाही, त्यासाठी रक्तच द्यावं लागतं. आणि एका रक्तानेही भागत नाही, दोन लागतात, मध्ये काही दिवस सोडून आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये, कारण वेगवेगळ्या मशीनवर आकडे थोडे इकडे तिकडे येतात.

त्या दिवशी माझा रिपोर्ट १८८ आला.

त्याच दुपारी डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पिशवीत काही उरलेलं नाही हे बघितलं आणि क्युरेटिंगचा विषय मिटला. तुम्ही मात्र रिपोर्ट हातात देताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होतीत, "मी आकडा कसा उतरतो ते सांगते. उतरला नाही तर काय करायचं ते डॉक्टर सांगतील." आणि उतरला नाही तर म्हणजे काय, हेही तुम्ही लपवलं नाहीत. आकडा एका जागी अडकला तर वारेचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. पिशवीत गर्भ कधी दिसलाच नसेल तर तो नळीत असू शकतो, आणि ते धोक्याचं. क्वचित द्राक्षगर्भ असतो, त्यात वारेच्याच पेशी वेड्यावाकड्या वाढतात आणि आकडा पुन्हा चढतो. पडलेला भाग तपासायला का पाठवला होता ते मला तेव्हा समजलं. माझा गर्भ पिशवीतच दिसला होता आणि तो तपासणीचा रिपोर्टही साधा आला होता, म्हणून माझ्याबाबतीत फक्त उतरण बघायची होती.

आकडा न उतरण्याचं चौथं कारण डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तेही इथे लिहिते. गर्भ गेल्यावर दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा बीज सुटू शकतं, पाळी यायच्या आधीच. म्हणजे मधल्या काळात नवीन दिवसही राहू शकतात. एक पट्टी निगेटिव्ह आलेली नसेल तर दुसऱ्या रेघेवरून जुनं की नवं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून निगेटिव्ह येईपर्यंत काळजी घ्या, असं त्या म्हणाल्या. पट्टी लावायचीच तर तीन आठवड्यांनी लावायची आणि तेव्हाही दोन रेघा आल्या तर घाबरून न जाता दाखवायला यायचं, हेही त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी गोळ्या देताना हे कुणी सांगितलं असतं तर? याचं मला अजून वाईट वाटतं. गोळ्यांच्या कागदावर ताप आला तर, घाण वास आला तर, तासाला दोन पॅड भिजत असतील तर, पोटात असह्य दुखलं तर लगेच या, असं सगळं होतं. ते महत्त्वाचंच. पण किटबद्दल एक ओळ नव्हती, आणि कपाटात उरलेलं किट माझ्याकडे एकटीकडेच असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर मी तुमच्याकडे आणखी चार वेळा आले. विसाव्या दिवशी ९६. चोविसाव्या दिवशी ४७, आणि त्या सकाळी तुम्हाला न विचारता मी घरी आणखी एक पट्टी लावली होती. दुसरी रेघ आली, पुसट. पण या वेळी मी खिडकीपाशी उभी राहिले नाही. पाकीट काढलं, टिंबं मोजली आणि चहा ठेवला. सासूबाईंनाही तेच पाकीट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या वेळी हे कुणी मोजलंच नाही." त्यांचंही एक गेलं होतं, हे मला लग्नाच्या सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

एकतिसाव्या दिवशी १४. घरच्या पट्टीवर एकच रेघ. आणि अडतिसाव्या दिवशी तुम्ही रिपोर्ट घडी करून दिलात, त्यावर ५ पेक्षा कमी असं छापलं होतं. तुम्ही म्हणालात, "आता सुई नको. आलीस तर चहाला ये."

मी अजून आले नाही, ताई. त्या गल्लीतून जाताना अजून पाय जड होतात. पण पुढच्या गुरुवारी बाजारासाठी मिरजेला यायचंय, सासूबाईही बरोबर असतील. त्यांना तुम्हाला भेटायचंय. साडेदहानंतर तुमची गर्दी कमी होते ना? तेव्हा येऊ.

तुमची,
पाकीट जपून ठेवलेली