तक्रार: दख्खनच्या लाव्ह्यावरील इंग्रजी माहितीपटाची मराठी सबटायटल्स वाचून होत नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, भाषा व सबटायटल विभाग

विषय: पहिल्या भागातील मराठी सबटायटल्सच्या वेळा, ओळींची तोड आणि वाचनाचा वेग

महोदय / महोदया,

दख्खनच्या पठाराच्या जन्मावरील आपल्या इंग्रजी माहितीपटाला मराठी सबटायटल्स आहेत. भाषांतर अर्थाच्या दृष्टीने बरेचसे बरोबर आहे. फाइलही मुळात चित्राशी जुळलेली आहे: भाग संपेपर्यंत ती मागेपुढे सरकत जात नाही, म्हणजे फ्रेमदराचा घोळ नाही. कृपया "ॲप पुन्हा इन्स्टॉल करून पाहा" असे उत्तर पाठवू नये. दोष फाइल ज्या पद्धतीने बनवली त्यात आहे.

अठराव्या मिनिटाचा हा तुकडा पाहा:

```
214
00:18:42,300 --> 00:18:44,100
हा लाव्हा एकाच ज्वालामुखीच्या मुखातून बाहेर पडला

215
00:18:44,180 --> 00:18:45,600
नव्हता, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वाहत आला होता.
```

२१४ क्रमांकाचे सबटायटल पडद्यावर आहे तोवर प्रेक्षक जे वाचतो ते निवेदकाच्या म्हणण्याच्या नेमके उलट आहे. इंग्रजी वाक्यात नकार तिसऱ्या-चौथ्या शब्दालाच येऊन जातो, त्यामुळे इंग्रजीत तिथे वाक्य तोडले तरी काही बिघडत नाही. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. इंग्रजी सबटायटल्सच्या वेळा जशाच्या तशा ठेवून मराठी मजकूर त्या खाचांमध्ये भरला, की "नव्हता" पुढच्या खाचेत जाऊन पडतो. अशी आणखी वाक्ये या भागात आहेत. तुमच्या भाषांतरकाराला वेळा बदलण्याची मुभाच नसावी, असे त्यावरून दिसते.

आता वेग. २१५ मध्ये दहा शब्द आहेत आणि ते १.४२ सेकंद दिसतात. एवढ्या वेळात ते मोठ्याने म्हणूनही होत नाहीत. गंमत म्हणजे निवेदक ४५.६ व्या सेकंदाला थांबतो आणि ४८.५ पर्यंत एक शब्द बोलत नाही. पडद्यावर फक्त वाहता लाव्हा दिसतो. जवळजवळ तीन सेकंद मोकळे असताना सबटायटल मात्र आवाज थांबताक्षणी उडते. माहितीपटात अशा शांत जागा भरपूर असतात. सबटायटल त्या शांततेत थोडे रेंगाळू द्यायचे असते.

२१५ कोणत्याही तपासणीत पकडले जायला हवे होते. २१४ का सुटले असेल, ते मोजणीच्या पद्धतीत आहे. इंग्रजीसाठी सेकंदाला १७ ते २० चिन्हांची मर्यादा सर्रास वापरतात. देवनागरीत "एक चिन्ह" म्हणजे काय, हे मात्र सॉफ्टवेअरवर ठरते. "विद्यार्थ्यांनी" हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा. पण युनिकोडमध्ये काने, वेलांट्या, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण सुटी धरली तर तोच १५ चिन्हांचा. २१४ ची पूर्ण अक्षरे आणि मोकळ्या जागा मोजल्या तर २७ भरतात, म्हणजे सेकंदाला १५, आणि इंग्रजी मर्यादेत ते आरामात बसते. प्रत्येक खूण सुटी मोजली तर ४८, म्हणजे सेकंदाला जवळपास २७. एकच मजकूर एका पद्धतीने पास, दुसऱ्या पद्धतीने नापास. इंग्रजीचा आकडा उचलून मराठीला लावण्याआधी तुमचे सॉफ्टवेअर यातले काय मोजते, ते कोणीतरी पाहायला हवे होते. "ज्वालामुखीच्या" सारखा जोडाक्षरी शब्द "काम" च्या वेगाने वाचला जात नाही, म्हणून खुणा सुट्या मोजणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

हाच तुकडा असा करता येतो:

```
214
00:18:42,300 --> 00:18:44,300
हा लाव्हा एका ज्वालामुखीतून आला नाही.

215
00:18:44,380 --> 00:18:46,900
जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून
तो वाहत आला.
```

नकार पहिल्याच सबटायटलमध्ये पुरा झाला. "मुखातून बाहेर" आणि "पडलेल्या" गळले. अर्थाचे काही गेले नाही. खुणा सुट्या मोजून वेग पहिल्यात सेकंदाला साडेअठरा आणि दुसऱ्यात १७ च्या आत आला. दोन सबटायटल्सच्या मध्ये ८० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम या दराने दोन फ्रेम मोकळ्या आहेत, त्यामुळे मजकूर बदलला हे डोळ्याला कळते. दुसरे ४६.९० लाच संपवले, कारण ४६.९८ ला दृश्य बदलते. सबटायटल कटच्या पलीकडे जेमतेम चार-पाच फ्रेम लोंबकळले तर ते लुकलुकल्यासारखे दिसते आणि नजर पुन्हा खाली ओढली जाते.

ओळींची तोड तर यंत्रावरच सोडलेली दिसते. ही पाहा:

```
या खडकाचे थर दख्खनच्या पठारावर ५ लाख चौरस
किलोमीटरवर पसरलेले आहेत.
```

वरच्या ओळीत ४१ चिन्हे आहेत. ४२ ची मर्यादा भरली आणि पुढचा शब्द मावला नाही, म्हणून "चौरस" आणि "किलोमीटर" यांची ताटातूट झाली. माणसाने तोडले असते तर असे:

```
हे थर दख्खनच्या पठारावर
५ लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहेत.
```

वाक्य म्हणताना आवाज जिथे सहज थांबतो तिथे ओळ तोडावी. आकडा आणि त्याचे एकक, विशेषण आणि नाम, "सांगता येत नाही" सारखा क्रियापदाचा जुडगा हे एकाच ओळीत राहावेत. "पण" खालच्या ओळीच्या सुरुवातीला जातो. "असे दिसते की" मधला "की" मात्र वरच्याच ओळीत शोभतो, कारण मराठी माणूस "की" म्हणून मग थांबतो. इंग्रजीचा नियम डोळे मिटून लावला तर तो खाली ढकलला जातो, आणि या फाइलमध्ये तसे झालेही आहे.

वेगाशी संबंधित आणखी एक: "६६ दशलक्ष वर्षांपूर्वी" ऐवजी "६.६ कोटी वर्षांपूर्वी" लिहावे. दशलक्ष वाचून मनात कोटी करण्यात वाचकाचा वेळ जातो, आणि तो वेळ तुम्ही दिलेला नाही. तसेच तज्ज्ञांची नावे-हुद्दे पडद्याच्या तळाशी येतात तेव्हा सबटायटल त्यांच्यावर चढते. तेवढ्यापुरते ते वर न्यावे.

माझ्या मागण्या अशा: भाषांतरकाराला वेळा बदलण्याची, दोन सबटायटल्स जोडण्याची किंवा एक फोडण्याची मुभा देऊन फाइल नव्याने करावी. नंतर मराठी वाचणाऱ्या एका व्यक्तीने ती आवाज बंद करून, टीव्हीवर, न थांबवता पाहावी. २१४ मधली चूक तिथे पहिल्याच फटक्यात सापडली असती. दुरुस्त फाइल येईपर्यंत माहितीपटाच्या पानावरची "मराठी सबटायटल्स उपलब्ध" ही पाटी उतरवावी.

काय बदलणार आणि कधी, हे १५ दिवसांत लेखी कळवावे.

आपला,
एक वर्गणीदार